बाबांचा फ्लॅट कुठल्या फाइलीत आहे?

कुठल्याही चारचौघांसारख्या घरातला कॉम्प्युटर उघडा आणि ‘डॉक्युमेंट्स’मध्ये डोकवा. थोड्याफार फरकाने हेच दिसेल:

```
IMG-20190811-WA0013.jpg
Scan0004.pdf
New Doc 05-03-2021 11.42.pdf
7-12 new final.pdf
Document (3).pdf
baba flat.pdf
```

यातली एक फाइल म्हणजे गावाकडच्या जमिनीचा फेरफार आहे आणि एक म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटचं खरेदीखत. कुठली कोणती, हे ज्याने स्कॅन केलं त्याला त्या आठवड्यात पक्कं ठाऊक होतं. वारसनोंदीसाठी तलाठ्याने कागद मागितले, की मात्र घरातले तिघे जण तीन खोल्यांतून फाइली उघडून बघत बसतात.

पहिलं नाव व्हॉट्सअ‍ॅपने दिलेलं आहे. त्यात 2019 च्या ऑगस्टची 11 तारीख दिसते, पण ती फोटो त्या फोनवर येऊन पडल्याची तारीख. आतला कागद 1987 चा असू शकतो. तिसरं नाव स्कॅनिंग अ‍ॅपचं. 05-03 म्हणजे 5 मार्च की 3 मे, हे त्या फोनच्या सेटिंगवर अवलंबून, आणि तो फोन आता घरात नाही. चौथ्या नावातलं ‘new’ किती वर्षांपूर्वीचं आहे, कोणास ठाऊक. ‘baba flat’ हे त्यातल्या त्यात माणसाने दिलेलं नाव, म्हणून ते बरं वाटतं. त्याचीही गंमत पुढे येईलच.

फाइलीला नाव देताना आपण नकळत असं धरून चालतो, की ती ज्या फोल्डरमध्ये ठेवली तिथेच राहील. पण ती राहत नाही. ती मेलला जोडून वकिलाकडे जाते, पेन ड्राइव्हवरून झेरॉक्सच्या दुकानात जाते, बहिणीच्या फोनवर जाते. फोल्डरचं नाव तिच्यासोबत जात नाही. ‘गावची जमीन’ फोल्डरमधली `ferfar.pdf` घरी बसून स्पष्ट वाटते, पण वकिलाच्या कॉम्प्युटरवर तशा शंभर असतात. त्यामुळे कसोटी साधी आहे: फाइल एकटीच एखाद्या अनोळखी माणसासमोर पडली, तर न उघडता ती कशाची हे त्याला कळलं पाहिजे. आणि आणखी दहा वर्षांनी तो अनोळखी माणूस बहुधा आपल्याच घरातला असणार.

(जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपवरून कागदाचा फोटो ‘फोटो’ म्हणून पाठवला, तर पलीकडे मूळ नाव जाऊन `IMG-…-WA…` असं नवं नाव लागतं आणि चित्रही दाबून लहान होतं. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर नाव टिकतं आणि अक्षरंही फाटत नाहीत.)

सुरुवात तारखेपासून करावी, आणि ती वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहावी: `2021-03-05`. आपल्याला सवय उलटी आहे. पण कॉम्प्युटर नावं डावीकडून बघत लावतो. दिवस आधी लिहिला, तर 01-01-2020, 01-02-2014 आणि 01-03-2022 शेजारीशेजारी येतात, म्हणजे सगळ्या वर्षांतल्या सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र. वर्ष आधी लिहिलं, की नावानुसार लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. हा क्रम आंतरराष्ट्रीय प्रमाणातही आहे. 1988 साली पहिल्यांदा निघालेल्या आयएसओ 8601 मध्ये तारीख अशीच लिहायला सांगितली आहे. मार्चला 3 न लिहिता 03 लिहायचं, नाहीतर काही ठिकाणी ऑक्टोबरचा 10 मार्चच्या आधी जाऊन बसतो.

फाइलीच्या शेजारी कॉम्प्युटर जी तारीख दाखवतो, तिच्यावर विसंबू नये. डाउनलोड केली, दुसरीकडे नक्कल केली, फोन बदलला, की ती बदलू शकते. नावातली तारीख कोणी मुद्दाम बदलेपर्यंत हलत नाही.

पण कुठली तारीख लिहायची? इथे थोडा विचार लागतो. स्कॅन केल्याची तारीख जवळजवळ कधीच नाही. कागदाची स्वतःची तारीख. बिलावर बिलाची, दाखल्यावर तो दिल्याची. सातबाऱ्यावर उतारा काढल्याची तारीख, कारण सातबारा बदलत राहतो आणि 2014 च्या उताऱ्यावर असलेलं कर्ज 2021 च्या उताऱ्यावर नसेल. दोन्ही उतारे आपापल्या जागी खरे आहेत. खरेदीखतावर दोन तारखा असू शकतात, सह्या झाल्याची आणि नोंदणीची. सह्यांनंतर नोंदणीला सादर करायला कायद्याने चार महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे त्या एकाच दिवसाच्या असतीलच असं नाही. मी नोंदणीची घेईन, कारण नक्कल काढायला गेलं की दस्त क्रमांक आणि नोंदणीचं वर्षच विचारतात. नुसतं सालच माहीत असेल, तर `1987` एवढंच लिहावं. अंदाजाने 1 जानेवारी लिहिली, तर पुढचा माणूस ती खरी मानून बसतो.

या पद्धतीत आपल्याकडे एक खास सापळा आहे, तो आर्थिक वर्षाचा. घरपट्टीच्या पावतीला `2011-12_gharpatti.pdf` असं नाव दिलं, तर ती 2011 च्या डिसेंबरची की 2011-12 या वर्षाची? 2000-01 पासून 2011-12 पर्यंतची सगळी आर्थिक वर्षं महिन्यासारखी दिसतात, आणि नेमक्या याच काळातल्या पावत्या लोक हल्ली स्कॅन करत बसले आहेत. आर्थिक वर्षाच्या आधी `fy` लावलं, की संशय मिटतो: `fy2011-12`. प्राप्तिकराच्या कागदांत घोळ दुप्पट होतो, कारण 2011-12 च्या उत्पन्नाच्या विवरणपत्रावर 2012-13 हे ‘कर आकारणी वर्ष’ छापलेलं असतं. त्यामुळे एकाच वर्षाचे कागद दोन वर्षांच्या नावाखाली विखुरतात. घरात एकदा ठरवावं, की नावात नेहमी कमाईचंच वर्ष येईल.

आता सातबारा. नावाने सातबारा असलेला हा कागद त्याच्या नेहमीच्या लेखी रूपात फाइलीचं नाव होऊच शकत नाही. `7/12` टाइप करायला गेलं, की विंडोज अडवतं. तिरपी रेघ फोल्डर वेगळे करायला राखीव आहे. तिच्यासकट नऊ चिन्हं नावात चालत नाहीत: `\ / : * ? " < > |`. आणि आपल्या जमिनीच्या कागदांत तिरपी रेघ जागोजाग असते. गट नंबर 145/2/अ, दस्त क्रमांक 1234/2009. मग कोणी `7-12` लिहितो, कोणी `7_12`, कोणी `712`, आणि एका घरात सातबारा चार नावांनी राहतो. `7-12` तर आणखी वाईट, ते 7 डिसेंबरसारखं दिसतं. सरळ `satbara` लिहावं आणि आकड्यांमधल्या तिरप्या रेघेच्या जागी आडवी रेघ घ्यावी: `gat145-2-a`.

नंबराला त्याचं गाव किंवा कार्यालय जोडल्याशिवाय अर्थ नसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फेरफार क्रमांक त्या गावापुरता असतो. 612 क्रमांकाचा फेरफार शेजारच्या गावातही आहे. दस्त क्रमांक दुय्यम निबंधकाच्या त्या एका कार्यालयापुरता, आणि दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू. पुण्यात हवेलीची अनेक कार्यालयं आहेत, म्हणून ‘हवेली 4’ हेही नावात हवं. गावाचंही तसंच. नुसतं वडगाव म्हणजे कुठलं? वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, हे एकट्या पुण्याच्या आसपासचे.

आणि जमिनीचं नावही कायम राहत नाही. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा 1947 चा. त्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं, तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर 38 आणि आजच्या उताऱ्यावर गट नंबर 145, जमीन तीच. जुन्या कागदाच्या फाइलीत दोन्ही लिहावेत, `sn38-gat145`, म्हणजे कुठल्याही नंबराने शोधलं तरी ती हाती लागते. शहरांची नावंही अशीच बदलली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव 2023 मध्ये झालं, त्यानंतर अहमदनगरचं अहिल्यानगर. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. आज शाळेत असलेल्या नातवाला उद्या `dena` असं शोधायचं सुचणार नाही. कागदावर जे छापलं आहे ते नावात ठेवावं आणि त्याला आजचं जोडावं: `dena-bob`.

माणसांच्या बाबतीत पहिला नियम, नात्याने नाव देऊ नये. `baba flat.pdf` मधले बाबा हे फाइल बनवणाऱ्याचे बाबा. त्याची मुलगी मोठी होऊन तीच फाइल बघेल, तेव्हा तिच्या लेखी बाबा म्हणजे तो स्वतः आणि फ्लॅटचे मालक आजोबा. त्यातून ‘आई’, ‘आजी’, ‘काका’ अशा फाइली तयार झाल्या, तर एका पिढीत अर्थ सरकतो. माणसाचं पहिलं नाव लिहावं, आणि घरात एकाच नावाचे दोघे असतील तर जन्मसाल जोडावं. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांचे कागद असलेल्या स्त्रीला घरात सर्वांनी एकच नाव द्यावं. नाहीतर तिचा शाळेचा दाखला एका नावाखाली आणि पेन्शनचा कागद दुसऱ्या नावाखाली सापडतो. किंवा सापडत नाही.

दुसरी अडचण स्पेलिंगची, आणि मराठी माणसाला ती सर्वांत जास्त छळते. रोमन लिपीत मराठी लिहिण्याचा एकच असा नियम आपण पाळत नाही. Vadgaon आणि Wadgaon, gharpatti आणि ghar patti, Dnyaneshwar आणि Gyaneshwar, sulochana आणि sulochna. कॉम्प्युटरच्या लेखी हे सगळे निरनिराळे शब्द आहेत. `wadgaon` शोधलं, तर `vadgaon` दिसणार नाही, आणि शोधणारा म्हणेल, कागदच नाही.

मग देवनागरीत नाव का देऊ नये? द्यावंही, आजचे फोन आणि कॉम्प्युटर ते निमूटपणे घेतात आणि वाचायला ते निश्चितच सोपं. माझं मत तरी असं, की घराबाहेर जाणाऱ्या कागदांना रोमन नाव बरं. काही सरकारी आणि बँकेच्या संकेतस्थळांवर कागद चढवताना देवनागरी नाव नाकारलं जातं. झिप केलेली फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, की नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर शोधायला बसलो, तर मराठी कळफलक असेलच असं नाही. शिवाय देवनागरीतही ‘एकच शब्द’ एकच असतो असं नाही. ‘शेतकऱ्याचा दाखला’ मधला ऱ्य वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या प्रकारे तयार होतो: कुठे ‘ऱ’ हे एकसंध अक्षर येतं, कुठे र आणि खालचा नुक्ता, तर कुठे र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखे, पण एका पद्धतीने टाइप करून शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं नाव पुष्कळदा सापडत नाही. ‘२०२१’ आणि ‘2021’ यांचंही तेच. आणि लांबी: अँड्रॉइडवर नावाची मर्यादा साधारण 255 बाइटची. रोमन अक्षर एक बाइट घेतं, देवनागरी तीन, काना-मात्राही वेगळे मोजून. म्हणजे देवनागरीत जेमतेम 85 चिन्हं मिळतात.

लिपी कुठलीही निवडा, शब्द ठरवून घ्यावे लागतात. त्यासाठी फार मोठं काही नको; घरच्या कागदांना वीसेक शब्द पुरतात. ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून मुख्य फोल्डरमध्ये ठेवावेत. नावाच्या सुरुवातीला `00` लावलं, की ती यादीत सर्वांत वर राहते. `00_vacha.txt` मध्ये असं काहीसं:

```
vadgaon-maval = गावची जमीन, गट 145 (जुना सर्व्हे 38)
kothrud-flat  = पुण्याचा फ्लॅट
satbara       = 7/12 उतारा, तारीख उतारा काढल्याची
ferfar        = फेरफार, पुढे क्रमांक
kharedikhat   = तारीख नोंदणीची
fy2011-12     = आर्थिक वर्ष, कमाईचं
```

हे हाताशी घेऊन वरच्या सहा फाइली पुन्हा उघडू या. पहिली निघते 1987 सालच्या फेरफाराचा फोटो, क्रमांक 612, तारीख पुसट. `Scan0004` हे फ्लॅटचं खरेदीखत, आणि `baba flat` म्हणजे त्याच खरेदीखताची सूची क्रमांक 2, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. दोन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत पडली होती. `New Doc` मध्ये उघडून बघितल्यावर उताऱ्यावर 5 मार्च 2021 छापलेलं दिसतं. `7-12 new final` हाही सातबाराच, पण 2014 चा. म्हणजे ‘new’ म्हणवणारा दोघांतला जुना. `Document (3)` ही फ्लॅटच्या मिळकतकराची पावती.

```
1987_vadgaon-maval-sn38-gat145_ferfar-612.jpg
2009-11-23_kothrud-flat_kharedikhat_haveli4-1234.pdf
2009-11-23_kothrud-flat_index2_haveli4-1234.pdf
2014-07-02_vadgaon-maval-gat145_satbara.pdf
2021-03-05_vadgaon-maval-gat145_satbara.pdf
fy2011-12_kothrud-flat_gharpatti.pdf
```

तारीख, मालमत्ता, कागद, आणि लागलाच तर क्रमांक. मोठ्या भागांमध्ये खालची रेघ, एका भागातल्या शब्दांमध्ये आडवी रेघ, मोकळी जागा कुठेच नाही; काही ऑनलाइन अर्जांना ती चालत नाही म्हणून. खरेदीखत आणि त्याची सूची आता न शोधता शेजारी आली. `fy` ने सुरू होणाऱ्या पावत्या यादीच्या तळाशी एकत्र जमतात, आणि मधलं एखादं वर्ष भरायचं राहिलं असेल तर ती फट नजरेला येते. हा फायदा मात्र आयताच मिळालेला.

फोल्डरबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. एका मालमत्तेला एक, एका माणसाला एक, आणि बहुतेक घरांत तेवढ्यावर भागतं. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर अशी उतरंड रचली, तर विंडोजमध्ये एका टप्प्यानंतर नक्कलच होत नाही, कारण ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या नावापर्यंतचा सगळा रस्ता मिळून 260 चिन्हांच्या पुढे गेला की बरेच प्रोग्रॅम अडतात. हे कळतं ते नेमकं जुन्या मशीनवरून सगळं नव्यावर हलवताना. ‘इतर’, ‘महत्त्वाचे’ आणि ‘New folder (2)’ हे तीन फोल्डर ज्या घरात आहेत, तिथे निम्मे कागद त्यांतच असतात.

‘final’ या शब्दाला मात्र खरंच हद्दपार करावं. मृत्युपत्राचं उदाहरण घ्या. वकिलाकडून मसुदा आला, दुरुस्त्या झाल्या, पुन्हा आला: `final`, `final2`, `final navin`. त्यातल्या एकावर सह्या झाल्या. वीस वर्षांनी वारसांना हे तिन्ही मिळाले आणि त्यांत एका शेताचा वाटा वेगवेगळा असला, तर पुढचं सांगायला नको. मसुद्याला `masuda-01`, `masuda-02` असं लिहावं. सह्या झालेल्या प्रतीच्या स्कॅनला `sahi` आणि सहीची तारीख. सही झाली, की मसुदे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावेत किंवा पुसावेत.

नावात काय घालू नये, तेही सांगितलं पाहिजे. आधार क्रमांक, पॅन, खात्याचा पूर्ण नंबर. फाइल उघडायला पासवर्ड असला, तरी नाव उघडंच असतं. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘अलीकडे उघडलेल्या फाइली’ या यादीत ते पुढच्या गिऱ्हाइकाला दिसतं. शेवटचे चार आकडे ओळखीला पुरतात.

जुन्या ढिगाचं काय? सगळा एका रविवारी उपसायचा बेत बहुधा दुपारीच मोडतो. आजपासून येणाऱ्या प्रत्येक कागदाला ठरलेलं नाव, आणि जुना कागद कामासाठी उघडला की त्याच वेळी त्याचं नाव बदलायचं. विंडोजमध्ये फाइल निवडून `F2` दाबलं की झालं. म्हणजे जे कागद लागतात ते आधी सुधारतात. पन्नास पावत्यांची नावं एकदम बदलायची असतील, तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमध्ये `PowerRename` आहे. त्यात बदल करण्याआधी नवी नावं समोर दिसतात. ती नीट वाचावीत आणि आधी सगळ्याची एक नक्कल बाजूला ठेवावी.

घरच्या फोटोंना यातलं काहीही लावू नये. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तारीख आतच नोंदलेली असते आणि फोटोंची अ‍ॅपं तिच्यावरून, चेहऱ्यांवरून शोधून देतात. हजारो `IMG_` ना नावं देत बसणं म्हणजे फुकटची उस्तवार. अपवाद एकच, जुन्या अल्बममधले स्कॅन केलेले फोटो. त्यांच्या आत नोंदलेली तारीख स्कॅन केल्याच्या दिवसाची असते, म्हणून 1962 च्या मुंजीचा फोटो या वर्षीच्या सहलीत जाऊन बसतो. तेवढ्यांना नावात साल आणि माणसं लिहावीत, आणि फोटोतली माणसं ओळखणारं कोणी घरात आहे तोवर त्यांना शेजारी बसवून.